मधला मुलगा कुठे आहे?

फोन आला तेव्हा पावणेबारा वाजले होते आणि समितीची बैठक तीनला होती.

“मॅडम, तुमच्या भाषांतरात एक मुलगा जास्त आहे,” रुग्णालयातल्या समन्वयक बाई म्हणाल्या. “तो कुठे आहे ते समितीला हवंय.”

स्वारगेटजवळ माझं भाषांतराचं छोटं कार्यालय आहे. उपचारांसाठी पुण्यात येणाऱ्या अरबी कुटुंबांचे कागद आम्ही इंग्रजीत करून देतो. या वेळचा रुग्ण येमेनचा होता, वय तिशीचं. त्याला भावाचं मूत्रपिंड बसवायचं होतं. परदेशी दाता असला की परवानगी समिती नातं खरं आहे का, कुणी पैशासाठी भाऊ बनून तर आलं नाही ना, हे कागद चाळून आणि प्रश्न विचारून ठरवते. आज परवानगी हुकली असती तर पुढची बैठक पंधरा दिवसांनी होती, आणि रुग्ण आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर होता. डॉक्टर म्हणत होते, आता फार थांबू नका.

अडलं होतं वडिलांच्या संमतिपत्रावर. आमच्या इंग्रजीत त्यांनी लिहिलं होतं, माझा ‘एल्डेस्ट’ मुलगा माझ्या ‘यंगेस्ट’ मुलाला मूत्रपिंड देतो आहे. रुग्णालयाच्या फॉर्मवर मात्र मुलगे दोनच. समितीतल्या एका डॉक्टरांनी कागद आदल्या दिवशी वाचले होते. सर्वांत मोठा आहे, सर्वांत लहान आहे, मग मधला कुठे आहे? तो फॉर्ममधून का वगळला? हा आलेला माणूस खरंच भाऊ आहे का? त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं.

मूळ अरबी पत्र मी समोर ओढलं. ‘इब्नी अल-अकबर’, ‘इब्नी अल-अस्गर’, म्हणजे माझा मोठा मुलगा, माझा लहान मुलगा. वडिलांचं काहीच चुकलं नव्हतं. अरबीत ‘अकबर’ हा एकच साचा दोन्ही कामं करतो. ‘अकबर मिन’ म्हटलं की ‘अमक्यापेक्षा मोठा’. शब्दाआधी ‘अल’ लागलं की ‘तो मोठा’, मग दोघांतला असो की दहांतला. शब्द बदलत नाही, भावंडं मोजायचं काम वाचणाऱ्याकडे. इंग्रजीला मात्र आधी मोजून हवं असतं. दोन असतील तर ‘एल्डर’, तीन किंवा जास्त असतील तर ‘एल्डेस्ट’.

आणि आमच्याकडे मोजलं कुणी नव्हतं. फाईल मोठी असली की मी पानं वाटून देते, काम लवकर उरकतं. वडिलांचं पत्र माझ्या सहकारी मुलीकडे गेलं होतं, कुटुंबाच्या सरकारी नोंदीचं पान माझ्याकडे. त्या पानावर सरळ लिहिलं होतं: दोन मुलगे, तीन मुली. ते भाषांतर तयार होतं, पण शिक्का मारायचा राहिला म्हणून अजून माझ्याच टेबलावर पडलं होतं. वर नवीन माणसांसाठी एक नियमही मीच भिंतीवर लावून ठेवला होता: ‘मिन’ दिसलं तर मोअर, ‘अल’ दिसलं तर मोस्ट. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा तो चालतो. मुलीने तो इमानदारीत पाळला होता.

दाता खुर्चीवर बसलाच होता, सकाळी पावती न्यायला आलेला. मी अरबीत विचारलं, “तुम्ही भाऊ किती?”

“दोन. मी आणि तो. का?”

“तिसरा कधीच नव्हता ना?”

“नाही. आईला विचारा हवं तर.”

“तेवढी गरज नाही,” मी म्हणाले, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. नुसती सुटका झाली म्हणून नाही. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? घरात दोन मुलगे असोत वा सहा, आपण थोरला म्हणतो आणि धाकटा म्हणतो. त्यावरून कुणी मधल्याचा शोध घेत नाही. इतकी वर्षं अरबीतून इंग्रजीत नेताना मी मधे मराठीपाशी थांबलेच नव्हते. थांबले असते तर ती म्हणाली असती, बाई, आधी घरात माणसं किती ते बघ.

“मॅडम, डन,” शेजारच्या संगणकावरून सहकारी मुलगी म्हणाली. “सगळीकडे एल्डेस्टचं एल्डर, यंगेस्टचं यंगर, मोस्टचं मोअर केलं. रिप्लेस ऑल.”

“सगळीकडे म्हणजे?”

“पूर्ण फाईलमध्ये.”

“प्रिंट देऊ नकोस. डॉक्टरांचं पत्र उघड.”

येमेनमधल्या सना शहरातल्या डॉक्टरांनी तीन पर्याय लिहिले होते: डायलिसिस चालू ठेवणं, मृत दात्याची वाट पाहणं, भावाचं मूत्रपिंड. त्यातलं तिसरं ‘अल-अन्सब’, म्हणजे मोस्ट सूटेबल. आता तिथे मोअर सूटेबल झालं होतं.

“कशापेक्षा मोअर?” मी विचारलं.

तिने पत्रातले पर्याय बोटाने मोजले. “तीन ऑप्शन आहेत. मग मोस्टच.”

“आणि मुलगे?”

“दोन. एल्डर, यंगर.” मग स्वतःच म्हणाली, “म्हणजे अरबी वाक्य बघून ठरतच नाही. आधी काउंट करायचं.”

“हेच कळायला मला पंधरा वर्षं लागली. तुझा पगार वाढवायला हवा.”

“मग नोंदीचं पान द्या, मॅडम, त्याचाही शिक्का मीच मारते.”

तिने पूर्ण फाईल पुन्हा तपासली, प्रत्येक जागी किती वस्तू, किती माणसं ते पेन्सिलने समासात लिहून. सात ठिकाणं निघाली. पाच मोस्ट राहिली, दोन बदलली. सव्वादोनला आम्ही रिक्षात होतो. दाता मधे बसला होता, मांडीवर फाईल, आणि मी त्याला सारखी बजावत होते की घड्या पडू देऊ नको.

समितीच्या खोलीत, मधला मुलगा शोधणाऱ्या त्या डॉक्टरांनी दोन्ही भाषांतरं शेजारी ठेवली. “काल एल्डेस्ट, आज एल्डर. उद्या काय?”

“उद्या काही नाही,” मी म्हणाले. “अरबी शब्द कालचाच आहे, चूक माझ्या कार्यालयाची. हे सरकारी नोंदीचं पान. यात मुलगे दोन.”

त्यांनी पान निरखून पाहिलं, शिक्का पाहिला. “अरबीत दोन्हीला एकच शब्द?”

“आपल्या थोरल्यासारखा.”

त्यांनी चष्मा काढला. “आम्ही घरात दोघेच. मला सगळे थोरलाच म्हणतात.” ते शेजारच्या बाईंकडे वळले. “विचारा पुढचं.”

पुढचं दात्याला विचारलं. बळजबरी आहे का, पैसे मिळणार का, ऑपरेशनचे धोके ठाऊक आहेत का, बहिणी काय करतात. मी शब्द न शब्द पोचवला. त्याने उत्तरं लहान दिली, फक्त शेवटी विचारलं की धाकट्याला आधी भूल देणार की त्याला स्वतःला. कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आधी तुम्हाला.

बाहेर बाकावर आम्ही पंचवीस मिनिटं बसलो. समन्वयक बाई कागद घेऊन आल्या. “मंजूर. मंगळवारी ऑपरेशनला घेतायत.”

मी अरबीत सांगितलं. त्याने ते पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं, मग एकदा हळू, शब्द तोडून. तेव्हा कुठे तो उठला आणि जवळजवळ पळतच जिन्याने वर डायलिसिसच्या मजल्यावर धाकट्याकडे गेला, फाईल बाकावर तशीच सोडून.