बरंयताईंचं अ‍ॅप

पडदे शिवणाऱ्या या बाईंचं बरंयताई हे नाव मीच ठेवलं. मी दवाखान्यातली नर्स, जीभ जरा तिखट. काहीही विचारा, त्यांचं उत्तर एकच, ‘बरंय.’ मशीनवर शिवता शिवता चक्कर येऊन पडल्या, तरी दारातून आत येताना ‘बरंय’च. बहीण लग्न होऊन लांब गेली, तेव्हापासून खोलीत त्या एकट्याच.

डॉक्टरबाईंनी त्यांच्या मोबाइलमधलं पाळीचं अ‍ॅप पाहिलं. सगळ्या तारखा कशा ओळीत, आणि रोज एक हसरा चेहरा. बरंयताईंची नखं मात्र पांढरीफटक.

“या तारखा तुम्ही टाकल्यात की अ‍ॅपने?”

“ते अंदाजाने टाकतं, विचारतं, बरोबर ना? मी हो म्हणते. रोज ‘आज कसं वाटतंय’ असंही विचारतं बिचारं. त्याला नाही कसं म्हणायचं?”

मी कपाळावर हात मारला. यंत्राचीही भीड!

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्याच दिवशी त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. मग समजावलं, “अंदाजाला हो म्हणू नका. नीट रक्तस्राव सुरू होईल तो पहिला दिवस. नुसता डाग दिसला तर तो डाग म्हणूनच टाका, मधल्या दिवसांतला असला तरीही. किती पॅड भिजले, रक्ताच्या गाठी पडल्या का, कधी दुखलं, कुठली गोळी घेतली, सगळं त्या त्या दिवशीच. आठवलं नाही तर रिकामं सोडा. मला नीटनेटकं नको, खरं हवंय. चक्कर वाढली तर मात्र थांबू नका, लगेच या.”

तीन पाळ्या झाल्यावर बरंयताई आल्या. हसरे चेहरे गायब. दर पाळीला भरमसाट पॅड, गाठी, आणि दोन पाळ्यांच्या मध्ये डाग. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी करायला लावली. गर्भाशयाच्या आत छोटी गाठ निघाली. लहानशा शस्त्रक्रियेने काढता येण्यासारखी. मला हायसं वाटलं.

रिपोर्ट ठेवून डॉक्टरबाई पुन्हा अ‍ॅप चाळत होत्या. टिपणाच्या जागी एक ओळ होती, ‘आज कुणाशी बोलले नाही.’ दुसऱ्या दिवशीही तीच. रक्तस्राव असो नसो, पान उलटावं तिथे तीच.

“हे कशाला लिहिलंत?”

“तुम्हीच म्हणालात ना, खरं हवंय.”

रक्तस्रावाचं काय करायचं ते डॉक्टरबाईंना ठाऊक होतं. या ओळीपाशी मात्र त्यांचं बोट अडलं. मी शस्त्रक्रियेचा अर्ज पुढे ओढला आणि नेहमीच्या खरखरीत आवाजात विचारलं, “सोबत कोण येणार?”

“बरं...” त्यांनी सवयीने सुरुवात केली, आणि थांबल्या.

“कुणी नाही,” त्या म्हणाल्या.