सरळ रेषेमागचा व्हॉल्व्ह

कारखान्यात त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. तोंडावर साहेब, पाठीमागे ओळंबा. त्याने हात लावलेल्या कुठल्याही लूपची, म्हणजे प्रेशर-तापमान आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेची, रेषा पडद्यावर अशी सरळ पडायची की ऑपरेटर खुशाल चहाला जायचे. नावात कौतुक होतं, थोडी टिंगलही होती, आणि त्याला दोन्ही चालायचं. आता त्याचं पद रद्द झालं होतं. काम मात्र रद्द झालेलं नव्हतं, ते नव्या इंजिनीअरबाईंच्या गळ्यात पडलं होतं. त्यांच्याकडे आधीच तीन प्लँट होते, हा चौथा. एवढी काटकसर केल्यावर वरच्या लोकांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली असणारच.

जाण्याआधी हस्तांतराची टिपणं लिहायची होती. बाकीचे लूप त्याने भराभर उरकले. अडला तो थंड पाण्याच्या प्रेशरपाशी.

भानगड अशी होती. पंप कारखान्याला थंड पाणी पुरवतात. जास्तीचं पाणी एका व्हॉल्व्हमधून परत कूलिंग टॉवरच्या हौदात सोडतात. प्रेशर वाढलं की कंट्रोलर नावाच्या यंत्राने व्हॉल्व्ह उघडायचा, पडलं की मिटायचा. पण या व्हॉल्व्हचा दांडा भोवतीच्या घट्ट पॅकिंगमध्ये अडकत होता. कंट्रोलर सांगतोय हल, तो हलत नाही. कंट्रोलर जोर वाढवत नेतो, मग तो एकदम उडी मारतो आणि हवं त्याच्या पुढे जाऊन बसतो. पुन्हा उलट्या दिशेला तेच. पडद्यावर करवतीचे दात.

ओळंब्याने यावर इलाज केला होता. साडेचार किलोच्या प्रेशरला वरखाली थोडी सूट ठेवली. तेवढ्यात कंट्रोलरने गप्प बसायचं. गेन कमी, इंटिग्रल सावकाश, म्हणजे पुढेही त्याने बेताने आणि सवडीने हलायचं. करवत गेली, रेषा सरळ झाली. फक्त व्हॉल्व्ह दिवसेंदिवस एकाच जागी बसून आणखी घट्ट होत गेला. एरवी चालून जायचं. पण चालता पंप बंद पडला की व्हॉल्व्हने झटकन मिटायला हवं. तो उघडाच अडकला तर पाणी कारखान्यात जायच्या ऐवजी हौदात फिरत राहणार. मग कुणीतरी हौदावरच्या जाळीवर चढून हातचाकाने ती परतीची लाईन बंद करायची.

हे कुणीतरी म्हणजे त्याचा मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ, पंपहाउसचा फील्ड ऑपरेटर. नोकरीला त्यानेच लावलेला. जाळी कायम ओली, शेवाळलेली, आणि खाली पाणी पंपांकडे ओढलं जात असलेलं.

म्हणून टिपणात सेटिंगच्या खाली त्याने लिहिलं: ‘हे सेटिंग म्हणजे दुरुस्ती नाही. व्हॉल्व्ह अडकतो. येत्या शटडाऊनमध्ये उघडून दांडा आणि पॅकिंग बदलावं. तोवर पंप बदलण्याआधी, म्हणजे चालता थांबवून दुसरा लावण्याआधी, लूप मॅन्युअलला घेऊन व्हॉल्व्ह थोडा थोडा हलवून मोकळा करावा.’

मॅनेजरने वाचलं आणि पडद्याकडे बोट केलं. “अहो, रेषा तर सरळ आहे.”

“सरळ दिसतेय ती मी कंट्रोलरला गप्प बसवलंय म्हणून.”

“म्हणजे अडचण आहे, पण दिसत नाही? शटडाऊनच्या यादीत दिसणाऱ्या अडचणीच मावत नाहीयेत.”

तेव्हा त्याने दाखवायचं ठरवलं. शिफ्ट इन्चार्जची परवानगी घेतली, मेव्हण्याला वॉकीटॉकी देऊन हातचाकापाशी उभं केलं, मॅनेजरला आणि नव्या बाईंना पडद्यासमोर आणलं. लूप मॅन्युअलला घेतला. आउटपुट, म्हणजे व्हॉल्व्हला उघडायचा हुकूम, अर्धा टक्का वाढवला. प्रेशर जागचं हललं नाही. आणखी अर्धा. नाही. आणखी. नव्या बाई पुढे वाकून बघायला लागल्या. आणखी अर्ध्यावर व्हॉल्व्हने उडी मारली, प्रेशर धाडकन खाली आलं आणि अलार्म वाजायला लागला.

त्याने आउटपुट मागे घेतला. व्हॉल्व्ह तसाच. आणखी मागे घेतला. तसाच.

“चाक फिरव,” तो वॉकीटॉकीत म्हणाला.

पलीकडून नुसती धडपड ऐकू आली. मग काही नाही. मेव्हण्याचं नाव घेऊन ओरडावंसं वाटलं, पण बटण दाबायला बोटच उठेना. बऱ्याच वेळाने आवाज आला, “पाय सटकला होता दाजी. पाइप धरला. फिरवतोय.” आणि हसला. काय हसण्यासारखं होतं देव जाणे.

प्रेशर सावरलं. तोवर या पाण्यावर मशीन थंड ठेवणाऱ्या कॉम्प्रेसरवाल्यांचा फोन येऊन गेला होता, आणि मॅनेजरचा चेहरा उतरला होता.

“हे आजवर कधी झालं नव्हतं,” मॅनेजर म्हणाला. “तुमच्या सेटिंगवर लूप शांत होता. तुम्ही हात लावलात आणि बिघडला. मग मी काय समजायचं? जाता जाता राग काढताय?”

त्याला तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्या रेषेचा त्याला अभिमान होता, ती आता त्याच्याच विरुद्ध साक्ष देत होती. खोटं ठरवायचं तर कसं? रेषा खरीच सरळ होती.

“सर, मला दिसलं,” नव्या बाई हळूच म्हणाल्या. मॅनेजरने त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली. त्यांना इथे नोकरी करायची होती, त्यांना काय बोल लावणार?

मॅनेजर वाईट माणूस नव्हता, हिशेबी होता. त्याने टिपण टेबलावर ठेवलं. “‘व्हॉल्व्ह अडकतो’ हे वाक्य ठेवायचं तर ठेवा. पण व्हॉल्व्हवर भरवसा नाही असं लेखी आलं, की सेफ्टीवाले मला तिथे माणूस उभा करायला लावणार. प्रत्येक शिफ्टला, चोवीस तास, हातचाकापाशी. शटडाऊनमध्ये व्हॉल्व्ह दुरुस्त होईलच असं नाही, माणूस मात्र उद्यापासून. कोण उभा राहील, ते तुम्हाला ठाऊक आहे.”

ओळंबा टिपणाकडे बघत बसला. वाक्य ठेवलं तर मेव्हणा रोज त्या जाळीवर. खोडलं तर फक्त पंप दगा देईल त्या दिवशी. आयुष्यभर गेन आणि इंटिग्रलची तडजोड करत आलेल्या माणसाने हीही तडजोड केली. त्याने वाक्य खोडलं. बाईंनी वर लिहिलं, ‘सध्याच्या सेटिंगवर लूप स्थिर.’ पंप बदलण्याआधी व्हॉल्व्ह मोकळा करण्याची सूचनाही गेली. लूप स्थिर असेल तर ती कशाला हवी? दोघांनी सह्या केल्या. बाईंनी जुने आकडे पुन्हा घातले, सूट पुन्हा लावली. पडद्यावर रेषा सरळ झाली. इतकी सुंदर की त्याला ती बघवेना.

जायच्या दिवशी मेव्हणा गेटपर्यंत सोडायला आला. अंगात कामाचेच कपडे, बूट ओलेच.

“ताईला सांगा, रविवारी जेवायला येतो,” तो म्हणाला. “आणि दाजी, व्हॉल्व्ह घेतला ना शटडाऊनला?”

“नाही घेतला.”

मेव्हण्याने खांदे उडवले. “जाऊ द्या हो. तुमचं सेटिंग आहे ना त्यावर? मग मला कसली काळजी?”

ओळंब्याला म्हणायचं होतं, त्या सेटिंगचीच कर. सांगून तरी तो काय करणार होता? नोकरी त्याचीही होती. आतून कुणीतरी मेव्हण्याला हाक मारली. पंप बदलायचा होता. मेव्हण्याने हेल्मेट डोक्यावर चढवलं, दाजींच्या पाठीवर थाप मारली आणि हौदाकडे निघाला.