आधीचरावांची घाई

आमच्या गल्लीत आधीचराव सगळ्यांच्या आधी असत. लग्नाला गेले की मांडववाल्यांना खांब धरायला यांचीच मदत व्हायची. नोकरी वायरमनची. वीज जाण्याआधीच मेणबत्ती पेटवणारा वायरमन मी दुसरा पाहिला नाही. त्यांची बायको आरोग्यकेंद्रात परिचारिका. निम्मं गाव तिच्या सुईखालून गेलेलं, म्हणून सगळे तिला टोचणीबाई म्हणत.

अणुवीजकेंद्राची चिमणी आमच्या गच्चीवरून दिसते, म्हणून घरोघरी आयोडीनच्या गोळ्यांची पाकिटं दिलेली होती. टोचणीबाई दारोदारी समजावत हिंडायच्या. "गळ्यातली थायरॉईड ग्रंथी हावरट असते. हवेतून विषारी आयोडीन आलं तर तेही गिळते. आधी या गोळीनं तिचं पोट भरलं की तिला दुसरं घ्यायला जागा राहत नाही. पण हे भरलेपण जेमतेम दिवसभर टिकतं. म्हणून भोंगा वाजवून सांगतील तेव्हाच घ्यायची."

"आणि बाकीच्या अंगाचं काय?" कुणीतरी विचारायचं.

"बाकीच्या अंगाला ती काही करत नाही. त्यासाठी दारं-खिडक्या लावून घरात बसायचं, नाहीतर सांगतील तेव्हा गाव सोडायचं."

त्या दिवशी दुपारी भोंगा वाजला. आधीचराव पोथीसारखं वर्तमानपत्र धरून बसले होते, ते त्यांच्या हातातून गळलं. पाळण्यात बारा दिवसांची नात होती. सून आत दारांच्या फटींत ओले टॉवेल कोंबत होती. बाहेर ध्वनिक्षेपक ओरडत होता: वारा वळला आहे, संध्याकाळपर्यंत इकडे पोचेल, गोळ्या आता घ्या.

फोन वाजला. आरोग्यकेंद्रातून टोचणीबाई बोलत होत्या. मागे माणसांचा कालवा.

"ऐका. बाळाची पाव गोळी चुरून चमचाभर पाण्यात. मी दाखवलं होतं तस्संच. सुनेला द्या फोन."

"अगं..."

"अगं काय? इथे एक आजोबा विचारतायत, दोन घेतल्या तर दुप्पट चालेल का. सत्तरीच्या माणसाला एकीचाही फारसा उपयोग नाही म्हटलं, तर रुसले. चिमुकल्यांची ग्रंथी सगळ्यात नाजूक, खरी गोळी त्यांच्यासाठी. पटकन करा!"

आधीचरावांनी फोन सुनेला दिला नाही. परवा रात्री शेजाऱ्यानं सांगितलं होतं, वीजकेंद्रात काहीतरी बिघडलंय. तेव्हा त्यांनी पाळण्याकडे पाहिलं होतं, मग पाकिटाकडे. सून झोपलेली होती. त्यांनी पाव गोळी चुरली होती, पाण्यातून बाळाच्या ओठांत थेंबथेंब सोडली होती, आणि इतकं शांत वाटलं होतं की त्या रात्री ते निवांत झोपले होते. आता गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? आणि न बसलं तर सून काय म्हणेल, परगावी असलेला मुलगा काय म्हणेल?

"मी दिलीय," ते म्हणाले.

"आत्ता?"

"परवा."

 टोचणीबाई बोलल्या ते कुजबुजून. "परवाचं आता गेलं असेल. आणि लागोपाठ दुसरी दिली तर एवढ्याशा जिवाची ग्रंथीच मंदावेल. तिची वाढ... थांबा. कुणी काही देऊ नका. डॉक्टरांना विचारते."

त्यांनी रिसीव्हर कानाशी दाबून धरला. पाळण्यात बाळ हात हलवत होतं, त्याच्या गळ्याची घडी बोटभरही नव्हती. आधीचरावांना वाटलं, वारा आत्ताच फटीतून आत येतोय.

"ऐकताय?" टोचणीबाई परत आल्या. "दुसरी द्यायची नाही. ओल्या बाळंतिणींची, पोटुशींची पहिली बस आत्ता निघतेय, वारा पोचायच्या आत गावाबाहेर असेल. दोघींना बसवा. सुनेची गोळी बरोबर द्या, बसमधले डॉक्टर सांगतील तेव्हा तिनं घ्यायची. आणि त्यांना सांगा, बाळाला परवा दिलीय. तिकडे तिच्या रक्ताची तपासणी करत राहतील. सांगायचं! लाजायचं नाही!"

बस कोपऱ्यावर घरघरत होती. तिथे आधीचराव पहिल्यांदा उशिरा पोचले. सुनेला त्यांनी वाटेत सगळं सांगितलं. तिनं बाळाला आणखी घट्ट धरलं. पायरीवर डॉक्टर होता. "बाळाला परवा दिलीय," आधीचराव म्हणाले. "मी दिलीय." डॉक्टरनं बाळाच्या मनगटाला बांधलेल्या पट्टीवर ते लिहिलं. दार मिटलं.

घरी येऊन त्यांनी कपडे बदलले, हातपाय धुतले, टॉवेल परत फटीत कोंबला. संध्याकाळी फोन आला. "तुमची घेतलीत?" टोचणीबाईंनी विचारलं.

"नाही. म्हटलं तुझ्यासाठी राहू दे."

"माझी माझ्याकडे आहे, अहो." त्या हसायला गेल्या, पण ते हसू अर्ध्यात मोडलं. "बस पोचली. बाळ दूध प्यायलं. रक्त घेतलंय. निकाल यायचाय."

"कधी?"

"येईल तेव्हा."

आधीचराव खुर्ची फोनजवळ ओढून बसले. बाहेर वारा दाराला धडका देत होता. या वेळी आधी करून टाकण्यासारखं त्यांच्या हातात काहीच नव्हतं.