पडद्यावर न लिहिलेले आवाज

क्षयाची इंजेक्शनं संपली तेव्हा चंद्रकांताबाईंची छाती बरी झाली, पण त्याच औषधाने कान गेले. डाव्या कानाशी ओरडलं तर थोडंफार कळे. चौदा वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाई शाळा सोडून पाम गावी घरी बसल्या.

रविवारी दुपारी टीव्हीवर परप्रांतातला सिनेमा लागे. भाषा कुणालाच कळत नसे. खाली इंग्रजी अक्षरं येत. ती अक्षरं बाई वाचायच्या आणि घरभर मराठीत सांगायच्या. तेवढे तीन तास त्यांना मान होता.

एकदा पडद्यावर नायिका खिडकीशी उभी होती. अक्षरं नव्हती. ती एकदम धावली. "नवऱ्यावर रागावून निघाली," बाईंनी ठणकावून सांगितलं. सगळे हसले. जाऊ सुलू कानाशी ओरडली, "अगो, तिचं पोर रडतंय बाहेर!"

बाईंनी तोंड फिरवलं. पुढचे दोन रविवार त्या टीव्हीसमोर फिरकल्या नाहीत. जेवणही नीट जाईना. 'आता याही कामाची उरले नाही', एवढंच डोक्यात घोळे.

बोटीवर नोकरी करणारा भाचा चंद्रभान अमेरिकेहून सिनेमाची एक कॅसेट घेऊन आला. त्याने वहीत लिहिलं, 'मावशी, यात कोण बोलतंय तेसुद्धा लिहिलेलं असतं. दार वाजलं, पोर रडलं, सगळं. खास कमी ऐकू येणाऱ्यांसाठी.'

दोघं लगेच जवळच्या बोईसरला खंडेरावच्या व्हिडिओ लायब्ररीत गेली. परदेशी कॅसेट चालणारं मशीन तिथेच होतं. चित्र आलं. माणसं बोलली, गाडी आदळली, कुणीतरी मागे वळलं. खाली एक अक्षर नाही.

"लाव की!" बाई ओरडल्या. खंडेरावने हात जोडले.

चंद्रभान ओशाळला. त्याने लिहिलं, 'ती अक्षरं कॅसेटमध्ये दडवलेली असतात. तिकडे टीव्हीला एक डबा जोडतात, तो ती उघडून दाखवतो. इथे तो नाही.'

"मग डबा आण!"

'आणला तरी रविवारच्या सिनेमाला उपयोग नाही. त्यात असं काही दडवलेलंच नसतं. तिथे फक्त बोलण्याचं भाषांतर.'

बाई तिथल्या लोखंडी खुर्चीवर बसून लोकांसमोर रडल्या.

घरी सुलूने सगळं ऐकून घेतलं. रविवारी तिने त्यांना मनगट धरून टीव्हीसमोर बसवलं आणि स्वतः पाटी घेऊन बसली. "तू बोलनं वाच. आवाज मी लिवते."

सुलूचं लिहिणं हळू. 'दार' लिहीपर्यंत सिनेमातला पाहुणा घरात येऊन बसलेला असे. ऐन मारामारीत ती लिहायचंच विसरली. बाईंनी तिला कोपर मारलं, तशी तिने घाईने खरडलं, 'कोनतरी हसतंय, दिसत नाय.'

"कोण? बाई का पुरुष?" बाईंनी विचारलं.

सुलू पडद्याकडे कान लावून बसली. "बाई असेल," ती ओरडली. "थांब गो, परत हसू दे."