वेळापत्रकाच्या पिढ्या

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात नवा लेक्चरर होतो. आमच्या विभागाचं वेळापत्रक एक ज्येष्ठ सर लावायचे आणि दर सत्राला सगळ्यांची बोलणी खायचे. मी त्यांना म्हटलं, "सर, यंदा कॉम्प्युटरला लावू द्या."

"लावू दे. शिव्याही त्यालेच खाऊ दे," ते हसले.

नुकतंच जेनेटिक अल्गोरिदमबद्दल, म्हणजे सजीवांसारखी पिढ्यांमागून पिढ्या उत्तरं सुधारत नेण्याच्या पद्धतीबद्दल, वाचलं होतं, आणि ते कुठे वापरू असं झालं होतं. पास्कल या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला. आधी चाळीस वेळापत्रकं नुसती अंदाधुंद बनवली. मग प्रत्येकाला चुकांचे दंडाचे गुण दिले. एकाच वेळी एक शिक्षक दोन वर्गांवर आला, की ती टक्कर, तिला मोठा दंड. कामठीहून बसने येणाऱ्या मॅडमना पहिला तास लागला, की लहान दंड.

सर स्टूल ओढून बसले. "आता यातून चांगलं कसं निघते गा?"

"चिठ्ठ्या टाकून चाळिसातली तीन उचलायची. त्यातलं कमी दंडाचं ते एक पालक. तसंच दुसरं निवडायचं. मग तासांची यादी एका जागी कापायची. वरच्या तासांच्या वेळा एकाकडून, खालच्यांच्या दुसऱ्याकडून. तास सगळे राहतात, फक्त वेळा बदलतात."

"म्हणजे लेकरू!"

"हो. आणि क्वचित एखाद्या तासाची वेळ उगाच बदलून टाकायची. अशी चाळीस लेकरं झाली, की ती पुढची पिढी; मग पुन्हा तेच."

दंड भराभर उतरला, पण दोन टकरींवर येऊन अडला. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या, आकडा हलेना. माझं तोंड उतरलं. चाळीसही वेळापत्रकं छापून टेबलावर पसरली, तेव्हा सर एकेक कागद उचलत म्हणाले, "काहून गा, हे तर सगळे सारखेच दिसून राहिले! घरातल्या घरात सोयरीक करून राहिला का तू?"

तेच झालं होतं. सारख्यांना सारखे जोडून नवं काय येणार? मी उगाच बदलांचं प्रमाण थोडं वाढवलं. त्या धसमुसळेपणात हाती आलेलं हरवू नये म्हणून सर्वांत चांगलं वेळापत्रक जसंच्या तसं पुढच्या पिढीत नेलं. चहा पिऊन आलो, तर टकरी शून्य! आम्ही दोघं इतक्या मोठ्यानं ओरडलो, की शेजारच्या वर्गातली पोरं दारात आली.

मॅडमचा पहिला तास मात्र एका दिवशी राहिलाच होता. मला अजून चालवायचं होतं.

"थांबायचं कधी, ते ठरवलं का?" सरांनी विचारलं.

ठरवलं नव्हतं. मग ठरवलं: शंभर पिढ्यांत काही सुधारलं नाही, तर बस. तेवढ्यात तो तासही दुपारी सरकला. पुढच्या शंभर पिढ्यांत काहीच हललं नाही आणि प्रोग्रॅम आपसूक थांबला.

सरांनी कागद फळ्यावर टाचला. मॅडमनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "यंदा मले धावत बस पकडा लागणार नाही." सर मोठ्या खुशीत मला घेऊन सीताबर्डीला तर्री-पोहे खायला निघाले.