नूतनताई तारीख मागतात

न्हावा शेवा बंदराजवळच्या एका कंटेनर कंपनीत ग्राहकांचे फोन घ्यायला माणूस हवा होता. मुलाखतीत गोड बोलणारे ढिगानं भेटतात, म्हणून माणसं निवडणाऱ्या नूतन म्हात्रे असल्या गप्पांत वेळ घालवत नसत. शेजारच्या खोलीतून त्या स्वतःच चिडलेला ग्राहक होऊन उमेदवाराला फोन लावत. उमेदवारापुढे एक कागद असे: कंटेनर कस्टम्सच्या तपासणीत अडकलाय, कधी सुटेल ते माहीत नाही. सगळ्यांना तोच कागद आणि तोच ग्राहक. ताई तीनदा तारीख मागत. नसलेली तारीख जो देईल तो बाद, बाकी कितीही चांगला बोलो. त्यांचा सहकारी प्रज्योत उमेदवाराजवळ बसून गुण मांडी.

त्या दिवशी चौथा कमलेश पाटील. पंधरा वर्षं ट्रेलर चालवलेला माणूस. कंबर गेली, स्टिअरिंग सुटलं. आता ही खुर्ची मिळाली नाही तर घरी बसणं आलं, हे त्यानं आल्या आल्याच सांगून टाकलं होतं.

ताई फोनवर कडाडल्या. कमलेशनं मध्ये तोंड घातलं नाही. कंटेनरचा नंबर नीट विचारला, परत वाचून दाखवला. दोनदा तारीख मागितली, दोनदा तो बधला नाही. ताईंना वाटलं, सुटला बिचारा.

मग त्यांचा आवाज खाली आला. "माझी आई डायलिसिसवर आहे हो. तिचंच मशीन आहे त्यात. कधी मिळेल तेवढं सांगा."



"परवा," कमलेश म्हणाला. "परवा भेटंल. मी सोता घेऊन येतो."

प्रज्योतनं कागदावर फुली मारली. ताईंना त्या फुलीचा राग आला, पण नियम त्यांचाच होता.

कळवतो म्हणून उमेदवाराला घरी धाडायची रीत होती. ताईंना ते जमेना. त्या कमलेशसमोर येऊन बसल्या. "नाही झालं, दादा. तारीख द्यायची नव्हती."

"मंग त्याला काय सांगाचा व्हता?"

"की मला माहीत नाही. संध्याकाळी पाचला पुन्हा फोन करतो."

"आई मरतेय त्याची, ताई! येवढाच सांगाचा?"

ताईंचे डोळे भरून आले. ऑफिसात कुणालाच ठाऊक नसलेलं त्या बोलून गेल्या. सात वर्षांपूर्वी तो फोन खरा आला होता, त्यांनाच. ऐकवेना म्हणून त्या म्हणाल्या, उद्या नक्की. त्या शब्दावर त्या माणसानं आईला पनवेलच्या इस्पितळात हलवायचं थांबवलं. कंटेनर नवव्या दिवशी सुटला. आई मात्र फोननंतर दुसऱ्याच रात्री गेली होती.

 कमलेश कंबर धरत उठला.

"आई गेल्यावर तो परत काय बोलला तुमाला?"

"आभार मानले," ताई म्हणाल्या. "म्हणाला, तुम्ही एकट्याच नीट बोललात."