नाव सुटलं बघा, पावणं

१९६८ साल. मी एकवीस वर्षांचा होतो आणि शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायला लागलो होतो. शाळा दुसरीपर्यंत, पण ताठा मॅट्रिकच्या वरचा. गिऱ्हाईक उंबऱ्याशी दिसलं की आमचे मास्तर गळ्यातला टेप दोन्ही हातांनी सारखा करायचे आणि म्हणायचे, "या या पावणं! वाट बघत होतो की!"

मास्तर मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापूरचे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. सगळ्या जिल्ह्याला आपल्या घरचं समजणारी. मला वाटायचं, ह्यांना सगळ्यांची नावं पाठ आहेत. निम्म्यांची नव्हती, हे कळायला मला वर्ष गेलं.

नाव आठवलं नाही की मास्तर थांबत नसत. थांबलं की गिऱ्हाइकाला कळतं. आधी हसून बसायला सांगायचं, मग ऊस कसा हाय, म्हातारी कशी हाय. बोलता बोलता गाव निघायचं, गावावरून कधी नावही सापडायचं. नाहीच सापडलं तर माझ्याकडं बोट करायचे, "हा आमचा दत्तू, काजं लई बारीक करतो," आणि गप्प बसायचे. समोरचा आपसूक म्हणायचा, "मी बिद्रीचा महादेव." झालं काम!

"ही लबाडी हाय, मास्तर," मी एकदा म्हणालो. "मी न्हाय कुणाचं नाव विसरत."

"बरं बाबा," मास्तर म्हणाले आणि सुईत दोरा ओवला.

पुढच्याच आठवड्यात कागलचा एक शेतकरी आला. लेकीच्या साखरपुड्यासाठी सदऱ्याचं कापड घेऊन. मास्तर आत इस्त्री करत होते. चेहरा ओळखीचा होता, नाव काही येईना. पण मी विसरतो होय? ठोकून दिलं, "या तुकारामतात्या!"

त्याचा चेहरा असा झाला की विचारू नका. तुकाराम म्हणजे त्याचा चुलतभाऊ. बांधावरून दोघांचं बोलणं बंद. तोंडावळा तेवढा एक.

"तुकारामाचा सदरा शिवतोस व्हय? शीव मग त्याचाच!" म्हणत त्यानं कापड उचललं.

आता तरी मी गप्प बसावं की नाही? मी म्हणालो, "मागल्या बारीला तुम्हीच तुकाराम सांगितलं हुतंसा!"

"माझं नाव मला शिकवतोस?"

तो पायरी उतरला. तेवढ्यात मास्तर बाहेर आले, टेप सारखा केला. "बसा पावणं. ह्यानं नाव चुकीचं घेतलं, माझ्या तर ध्यानातनं सुटलंच हाय. चेहरा पक्का हाय. तुमचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली, आणि मागल्या बारीला कॉलर टोचत हुती म्हणून मी सैल करून दिली. नाव तेवढं सांगा बघू एकदा."

माणूस थांबला. हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला. मग खदखदून हसला. "शंकर की वो!"

"शंकरराव, चहा घ्या. शंकरराव, हात वर करा. बाही पुरी का अर्धी, शंकरराव?" तीनदा नाव घेतलं की ते डोक्यात बसतं, आणि घेणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला बरं वाटतं. वहीत मास्तरांनी लिहिलं, शंकर, कागल, डावा खांदा.

तो गेल्यावर मला म्हणाले, "दत्तू, अंदाजानं कापड कापतोस का? मग माणसाला अंदाजानं हाक कशाला मारतोस? विसरलो म्हणावं. काय खांदा निखळत न्हाय."

मी ऐकून घेतलं. म्हणालो मात्र कधीच नाही. वर्षामागून वर्षं गेली, दुकान माझ्याकडं आलं, तरी "नाव सुटलं" हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. नाव आठवेना तर मी नुसता खाकरायचो.

मास्तर नजर अधू झाल्यावर बिद्रीला लेकीकडं राहायला गेले. १९८३ साली भेटायला गेलो. अंगणात बाजेवर बसले होते. मला बघून गळ्याकडं हात गेले, टेप नव्हता.

"या या पावणं! वाट बघत होतो की!"

मला त्यांनी जन्मात पावणं म्हटलं नव्हतं. लगेच उमगलं. इतकी वर्षं हाताखाली काढली आणि माझंच नाव सुटलं! अस्सा राग आला की आल्या पावली फिरावं वाटलं. मास्तर हसत होते, पण बोटं गळ्याशी टेप शोधत होती.

मी त्यांच्या लेकीकडं वळलो. "ताई, मी दत्तू. मास्तरांच्या दुकानात काजं करायचो."

"अरं, वळख काय करून देतोस?" मास्तर ताडकन म्हणाले. "दत्तू, बस. दत्तू, चहा घे. दुकान कसं हाय, दत्तू?"

मी बोटांवर मोजलं. तीन! मला हसू आवरेना. मास्तरही फुटले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "घावलो व्हय तुला?" मग माझ्या खांद्यावरून हात फिरवत मानेपर्यंत आले. "मान तेवढी अजून ताठच हाय."

ती आमची शेवटची भेट.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक, कसबा बावड्याचं, चेहरा पक्का ओळखीचा. मी खाकरलो नाही. गळ्यातला टेप दोन्ही हातांनी सारखा केला आणि म्हणालो, "या या पावणं! नाव सुटलं बघा. पण बाही तुम्हाला मनगटाखाली लागते, व्हय की न्हाय?"